थोरल्याची की धाकट्याची

मला कॉम्प्युटर येतो, याचा मला त्या वर्षी फार माज होता. बोळिंजच्या आमच्या सोसायटीत मी एकटीच डिप्लोमा केलेली. कुणाच्या घरी टीव्हीचा रिमोट बिघडला तरी मला बोलावणं यायचं, आणि मीही जायचे. आमचे बाबा साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे. ते एकदा म्हणाले, "तुला सगळं येतं, फक्त 'येत नाही' म्हणायला येत नाही." मी ते हसण्यावारी नेलं.

नोकरी सात वर्षांपासून वसईगावात होती, एका ट्रस्टच्या कार्यालयात. दोन खोल्या, एक पंखा, तीन टेबलं. गरीब घरच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकेतली माणसं उचलायची, एका मुलाला एक पालक. आमच्याकडे मुलांची माहिती, तिकडे पालकांची. मुलं मराठीत पत्रं लिहायची, मी त्यांचं इंग्रजी करायचे. आमचे सर, म्हणजे संचालक, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता आणि माझ्यावर होता. हे दोन्ही उलटं असतं तर बरं झालं असतं.

दोन हजार चारच्या सुरुवातीला तिकडून कळवण्यात आलं, की आता कागद पाठवायचे नाहीत. त्यांनी नवी संगणक प्रणाली घेतली होती. दर शुक्रवारी संध्याकाळी पाचला आमच्या मशीनवरून एक फाइल आपोआप तिकडे जाणार, शनिवार-रविवारी ती त्यांच्यात भरली जाणार आणि सोमवारी सकाळी उत्तराची फाइल येणार: एवढ्या नोंदी घेतल्या, एवढ्या नाकारल्या, कारणं ही. आमच्या जुन्या प्रोग्रॅममधला कुठला रकाना त्यांच्या कुठल्या रकान्यात जाईल, ते ठरवायचं काम माझं.

मी एका मोठ्या कागदावर दोन उभ्या याद्या केल्या, डावीकडे आमचे रकाने, उजवीकडे त्यांचे, आणि मधे बाण. तो कागद भिंतीला चिकटवला. येणारे-जाणारे तो बघायचे आणि मी काहीतरी मोठं करते आहे असं त्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

सोपे बाण आधी झाले. मुलाचं नाव, आडनाव, गाव, शाळा. मग पैसे. आमच्याकडे फीची रक्कम रुपयांत, तीही स्वल्पविरामासकट लिहिलेली. तिकडे हवे डॉलर. पहिल्या चाचणीत एका मुलाच्या अठरा हजारांचे तिकडे अठराच झाले, कारण त्यांचा प्रोग्रॅम स्वल्पविरामापाशी थांबला. सरांनी ते वाचून चष्मा काढला आणि पुसला. मग मी आधी स्वल्पविराम काढून टाकले, त्या शुक्रवारच्या दराने भागलं, दोन दशांश ठेवले आणि शेजारच्या रकान्यात मूळ रुपयेही ठेवले, म्हणजे दर बदलला तरी खरी मागणी किती ते कळावं. हे मात्र मी चांगलं केलं होतं. एवढंच चांगलं केलं होतं, असं पुढे म्हणायची वेळ आली.

फोन नंबरांची तर जत्राच होती. त्या काळी आमच्या भागात स्वतःचा फोन असलेली घरं मोजकी. फॉर्मवर लोक शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि पुढे 'पीपी' लिहायचे. म्हणजे फोन आमचा नाही, पण तिथे केला की आम्हाला बोलावतील. कुणी लिही 'पीपी बेकरी', कुणी 'पीपी पिठाची गिरणी', कुणी नुसतं 'पीपी'. कुणाचा नंबर सहा आकडी, कारण फॉर्म जुना. कुणाचा सात आकडी, कारण मधल्या काळात टेलिफोनवाल्यांनी सगळ्यांच्या पुढे दोन लावला होता. कुणी आधी वसईचा कोड, शून्य-दोन-पाच-शून्य, लिहिलेला, कुणी नाही. तिकडे हवा होता एकच साचा: आधी देशाचे एक्क्याण्णव, मग शून्य वगळून वसईचा कोड, मग सात आकडे, मधे काही नाही.

मी प्रोग्रॅमला सांगितलं, आकडा नसेल ते सगळं काढून टाक. रेघा गेल्या, कंस गेले, पीपी गेलं, बेकरी गेली, गिरणी गेली. सहा आकडी असेल तर पुढे दोन लाव. पुढचं शून्य काढ. कोड नसेल तर घाल. एक्क्याण्णव लाव. बटण दाबलं आणि सगळे नंबर कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे एका ओळीत उभे राहिले. मी सरांना बोलावून दाखवलं. "वा," सर म्हणाले, "पण हे पीपी कुठे गेलं?" मी म्हटलं, "त्याला तिकडे रकाना नाही सर."

वडिलांच्या नावाचंही तसंच झालं. त्यांच्याकडे मधल्या नावासाठी रकाना होता, पण त्यात एकच अक्षर मावायचं. एका अक्षराने काय कळणार कुणाला? मी तो बाण काढलाच नाही. रकाना रिकामा जाऊ दिला.

राहिल्या तारखा. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी. मी आमच्या तारखा उलटवून पाठवणार होते, पण घोळ आमच्याच घरात निघाला. माझ्या आधी तिथे असलेल्या कारकुनाने अमेरिकेहून आलेल्या फॉर्मांच्या प्रती समोर ठेवून नोंदी केल्या होत्या, त्यामुळे त्याच्या तारखांत महिना आधी होता. माझ्या तारखांत दिवस आधी. आणि सगळ्या एकाच रकान्यात, साध्या मजकुरासारख्या. जिथे एक आकडा बाराच्या वर होता तिथे प्रश्न नव्हता. तेवीस हा महिना असूच शकत नाही, प्रोग्रॅम ते ओळखायचा. पण दोन्ही आकडे बाराच्या आतले असले की कोण दिवस आणि कोण महिना हे सांगायला ब्रह्मदेवच हवा. मी सरसकट सगळे दिवस-आधी धरले. मूळ फॉर्म कपाटात होते. ते काढून बघायला चार दिवस लागले असते. मला शुक्रवार गाठायचा होता.

शुक्रवारी फाइल गेली. सोमवारी उत्तर आलं. नाकारलेल्या नोंदी शून्य! खाली आणखी एक ओळ होती: दुहेरी आढळलेल्या नोंदी चौदा, एकत्र केल्या. मला तर आनंदच झाला. आमच्याकडे एकच मूल दोनदा नोंदलं जायचं हे मला माहीत होतं. तिकडच्या प्रोग्रॅमने ते आयतं साफ केलं. ती चौदा नावं मी उघडून पाहिलीसुद्धा नाहीत. सरांनी कार्यालयात पेढे आणले.

जून संपत आला होता, एका मंगळवारी सकाळी भुईगावहून एक गृहस्थ आले. वाडीत केळी आणि भाजी लावणारा माणूस, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पत्र. अमेरिकेहून दोन आठवड्यांपूर्वी थेट घरी आलेलं, इंग्रजी. चर्चमधल्या फादरांनी त्यांना वाचून दाखवलं होतं, तरी त्यांना माझ्याकडून परत ऐकायचं होतं. त्यात लिहिलं होतं, की आपल्या मुलीची नोंद बंद करण्यात आली आहे आणि तिच्या पालकबाईंना दुसरं मूल दिलं आहे.

मुलगी मला माहीत होती. नुकतीच बारावी झालेली, हुशार. नर्सिंगच्या तीन वर्षांच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती, पहिल्या वर्षाची फी पुढच्या बुधवारपर्यंत भरायची होती, आणि ती फी त्याच पालकबाईंकडून येणार होती, मुलगी त्यांना आजी म्हणायची. नाही भरली तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला. सहा वर्षं त्या आजी तिला पत्रं लिहीत होत्या. शेवटचं पत्र मीच इंग्रजीत केलं होतं. त्यात तिनं विचारलं होतं, तीन वर्षांचा खर्च जास्त आहे, तुम्हाला जमेल का? नाही जमलं तरी मी रागावणार नाही. मला ते वाक्य गोड वाटलं होतं.

"बाय, आमचं काय चुकलं?" वडिलांनी विचारलं.

मी मशीनवर नोंद उघडून बघत होते. दुहेरी म्हणून बंद, असं दिसत होतं. मी म्हटलं, "तुमचं काही नाही हो. कॉम्प्युटरची चूक असते कधी कधी."

त्यांनी पत्र पुन्हा पिशवीत गुंडाळलं. मग म्हणाले, "कॉम्प्युटर चुकत नाय म्हनतात. मंग आमचंच काय तरी असंल. पोर जेवत नाय धड. बोलत बी नाय."

हे मी आजही विसरले नाही. एवढा सरळ माणूस, आणि त्याच्या तोंडावर मी दोष एका पत्र्याच्या डब्यावर ढकलला होता.

मी सांगितलं, दुपारपर्यंत शोधते, फोन करते. नोंदीतल्या नंबरावर. दुपारी तो नंबर लावला. पलीकडून एका बाईंचा खणखणीत आवाज आला, मागे भट्टीचा आवाज. गावातली पावाची बेकरी ती, फोन त्यांचा. मी मुलीचं नाव-आडनाव सांगितलं आणि म्हटलं, तिला बोलवाल का?

"कोनाची?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"अवो, थोरल्याची का धाकट्याची? दोगींचं नाव एकच हाय ना. आजीचं नाव पयल्या नातीला द्यायाची रीत हाय त्यांच्या घरात. दोगा भावांनी दिलं. कोन मागं हटनार? एक मे मयन्यातली, एक ऑगस्टमंदली. एकाच वर्साच्या. तुमाला कोन पायजे?"

मी रिसीव्हर हातात धरूनच कपाटाकडे वळले. बाई पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होत्या. त्यांना म्हटलं, थांबा, मी पुन्हा करते.

कपाटातून दोन्ही मूळ फॉर्म काढले. थोरल्या भावाची मुलगी जन्मली पाच ऑगस्टला. तिची नोंद जुन्या कारकुनाने केलेली, महिना आधी: आठ, मग पाच. धाकट्याची जन्मली आठ मेला. तिची नोंद मी केलेली, दिवस आधी: आठ, मग पाच. साल तेच. आमच्या रकान्यात दोन्ही तारखा अक्षरशः सारख्या, आणि मी दोन्ही दिवस-आधी धरून पाठवल्या. तिकडे दोघीही आठ मेच्या झाल्या. एकीच्या फॉर्मवर कोडसकट सात आकडे आणि पुढे 'पीपी बेकरी', दुसरीच्या फॉर्मवर नुसते सहा आकडे आणि 'पीपी'. माझ्या कवायतीनंतर नंबर एकच. नाव एक, आडनाव एक. राहता राहिलं वडिलांचं नाव. दोन भावांची नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होत होती. ते एक अक्षर मी पाठवलं असतं तर दोन पोरी वेगळ्या राहिल्या असत्या. रकाना होता. रिकामा मी ठेवला होता.

आणि गंमत बघा, जिची तारीख चुकली ती थोरल्याची मुलगी टिकली, कारण तिची नोंद जुनी. जिची तारीख बरोबर होती ती पुसली गेली. घरच्यांच्या लक्षात यावं तर दोन भावांत विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद होतं. कुंपणाच्या अलीकडे काय घडलं ते पलीकडे कळायची सोय एकच, बेकरीतल्या बाई.

मी सरांच्या टेबलापाशी गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावतील अशी मी वाट बघत होते. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, "बाकीच्या तेरा?" तेव्हा मला खरी भीती वाटली.

बुधवारी रात्री उशिरापर्यंत आणि गुरुवारी सकाळी मी कपाटातला एकेक फॉर्म काढून बसले. सर स्वतः शेजारी बसले, ते तारीख वाचायचे, मी दुरुस्त करायची. चौदांपैकी बाकी सगळी मुलं खरोखरच दोनदा नोंदलेली निघाली. चुकलेल्या तारखा मात्र बऱ्याच होत्या. त्यांचं नशीब एवढंच, की त्यांच्या नावाचं, त्यांच्याच बेकरीचं दुसरं कुणी नव्हतं. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात, पण देवावर किती भार टाकायचा यालाही काही मर्यादा असते.

तिकडच्या माणसाला मी इमेल केली. तो भला होता, पण त्याला पुरावा हवा होता. त्याच्या पडद्यावर तीन गोष्टी जुळत होत्या आणि माझा शब्द चौथा होता. म्हणून गुरुवारी दुपारी मी भुईगावच्या चर्चमध्ये गेले. फादरांनी बाप्तिस्म्याचं मोठं रजिस्टर काढलं. त्यात जन्मतारीख आकड्यांत नव्हतीच, अक्षरांत लिहिलेली होती. आठ मे. काही पानं पुढे, पाच ऑगस्ट. दोन्हीसमोर बापाचं नाव, आईचं नाव, बाप्तिस्म्याच्या वेळी नेमलेल्या धर्माच्या आईबापांची नावं. कुणीतरी शांतपणे, टाकाने लिहिलेलं. त्याला पाच वाजायच्या आत फाइल पाठवायची नसावी. फादरांनी दोन दाखले करून शिक्के मारले आणि चहा विचारला. मी चहा न घेताच निघाले.

दाखले फॅक्स केले. भिंतीवरच्या कागदावर राहिलेला बाण काढला: वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर, मधल्या नावाचा रकाना. तारीख आता एकाच साच्यात जाणार होती, आधी साल, मग महिना, मग दिवस, म्हणजे कुणी काही धरून चालायचं कारणच उरू नये. फोनचा नंबर तसाच, पण शेऱ्याच्या रकान्यात पीपी आणि कुणाकडे ते. फीची मागणी पुन्हा घातली, मूळ रुपयांसकट. शुक्रवारी पाचला मोडेमने नेहमीसारखं किंचाळून फाइल नेली. शनिवार-रविवार कसे गेले ते घरच्यांना विचारा. बाबांनी दोनदा विचारलं, काय झालं? दुसऱ्यांदा मी सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांना सांगितलंस का?" मी म्हटलं, "दुरुस्त करते आहे ना." ते म्हणाले, "ते नाही विचारलं मी."

सोमवारी सकाळी मी साडेआठलाच कार्यालय उघडलं. उत्तराची फाइल आली होती. एकत्र केलेली एक नोंद वेगळी केली. फी मंजूर, सामायिक निधीतून, बँकेचं पत्र मंगळवारी. पालकबाई मात्र परत मिळणार नव्हत्या. त्यांनी दुसऱ्या मुलासाठी सही केली होती. बुधवारच्या आत फी पोचत होती. मी खुर्चीत बसून थोडी रडले. मग फोन लावला.

"कोनाची?" बेकरीतल्या बाई म्हणाल्या.

"धाकट्याची," मी म्हटलं.

त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि गल्लीभर हाक मारली. मला भट्टीजवळची माणसं ऐकू येत होती, एक सायकल गेली, मग धावत आलेल्या चपला. मुलगी धापा टाकत "हॅलो" म्हणाली. मी सांगितलं, तुझी फी मंजूर झाली, उद्या बाबांना पत्र घ्यायला पाठव, जागा तुझीच आहे.

तिची धाप अजून चालूच होती.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "आजी रागावल्या नाय ना? मी खर्चाचं लिवलं होतं. मला वाटलं त्या पत्रामुळंच त्यांनी मला सोडलं. मी नको होतं लिवायला."

तीन आठवडे ती हे घेऊन बसली होती. घरात जेवत नव्हती ती फीसाठी नव्हे. आणि मी तिच्या बापाला सांगून मोकळी झाले होते, कॉम्प्युटर.

"त्या रागावल्या नाहीत," मी म्हटलं. "त्यांनी तुला सोडलंच नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं, की अशी मुलगी नाहीच. ती चूक माझी. तुझं नाव आणि तुझ्या चुलतबहिणीचं नाव मी एक करून टाकलं. कॉम्प्युटरने नाही, मी. तुझ्या पत्रात एक अक्षरही चुकीचं नव्हतं."

मग तिचा रडायचा आवाज आला, आणि बेकरीतल्या बाई मागून घाबरून विचारत होत्या, "काय गो, काय झालं? फी नाय आली?"

"आली," ती रडता रडता म्हणाली. "फी आली. मावशी, मी काय केलं नव्हतं."